उतरताना चार चाकं, चढताना दोनच

साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याला किंवा महाबळेश्वरहून तापोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडी चालवणाऱ्याची फारशी परीक्षा नसते. वळणं आहेत, उतार आहे, पण पायाखाली डांबर आहे. परीक्षा सुरू होते ती या रस्त्यांना फुटणाऱ्या फाट्यांवर. शिवसागर जलाशयाच्या काठाने डोंगरउतारांवर लहानमोठ्या वाड्या विखुरलेल्या आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांतल्या बऱ्याच घरांनी पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या वाढवल्या आहेत. फोटोत ओटी, समोर पाणी, ताटात नाचणीची भाकरी दिसते. शाळेशी किंवा एसटीच्या थांब्याशी डांबर संपून पुढे दोन-तीन किलोमीटर जीपचा कच्चा रस्ता आहे, हे फोटोत दिसत नाही.

डांबर नेमकं तिथेच का संपतं, हे आधी समजून घेतलं तर पुढच्या रस्त्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. कोयना धरण १९६०च्या दशकात बांधून झालं आणि खोऱ्यातली गावं, शेतं आणि जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. काही लोक पुनर्वसनात लांब गेले, काही तिथेच डोंगरावर सरकले. रस्ते नंतर, जमेल तसे, वरून खाली आले. सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात किमान पाचशे लोकवस्ती, तर डोंगरी राज्यं, आदिवासी आणि वाळवंटी भागांत अडीचशे, असा निकष होता. वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी या हिशेबात बसत नाही. त्यात हा भाग कोयना अभयारण्याच्या आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. वाट वनजमिनीतून जात असेल तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. म्हणून वाडीतल्या लोकांनी श्रमदानाने किंवा ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशांतून जेसीबी फिरवून जी वाट काढली, तीच अनेक ठिकाणी रस्ता म्हणून राहिली.

ही वाट आणि सरकारी घाटरस्ता यांत खरा फरक डांबराचा नसून चढाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगराळ भागात साधारणपणे वीस मीटर अंतरामागे एक मीटर चढ धरतात, अगदीच नाइलाज असेल तर चौदा मीटरांमागे एक. त्यासाठी डोंगराला वळसे घालावे लागतात, जमीन लागते, पैसा लागतो. जेसीबीवाल्याकडे यातलं काहीच नसतं. तो जवळची वाट धरतो. त्यामुळे अशा रस्त्यावर सगळीकडे नाही, पण एखाद-दुसऱ्या टप्प्यात पाच मीटरांमागे एक मीटर असा चढ सहज भेटतो. गाडी जाईल की नाही हे तो पन्नास-साठ मीटरांचा टप्पा ठरवतो. बाकीचे अडीच किलोमीटर कितीही सोपे असले तरी त्यांचा काही उपयोग नाही.

आता एक उदाहरण हिशेबासकट मांडतो. समजा, आपल्या नेहमीच्या छोट्या मोटारीत पाच माणसं आणि डिकीत सामान आहे. सगळं मिळून वजन तेराशे किलो धरू. आजकालच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन फक्त पुढची दोन चाकं फिरवतं. मुक्कामाचं घर खाली पाण्याच्या बाजूला आहे, म्हणजे जाताना उतार आणि परतताना चढ. वाटेतल्या सर्वांत वाईट टप्प्यावर पाचास एक असा उतार आहे आणि वर सुटी खडी पसरली आहे. सुट्या खडीवर टायरची पकड, ढोबळ मानाने, चाकावर जितकं वजन असेल त्याच्या निम्मी मिळते.

उतरताना काय होतं पाहा. गाडीला खाली ओढणारा जोर साधारण अडीचशे किलोंचा. तिला थोपवतो ब्रेक, आणि ब्रेक चारही चाकांना असतात. म्हणजे सगळ्या तेराशे किलोंच्या निम्मी, सुमारे सव्वासहाशे किलोंची पकड हाताशी आहे. गरजेच्या दुपटीहून जास्त. गाडी हळूहळू, खडखडत पण ताब्यात खाली येते. चालवणारा खूश होतो, ‘उगाच घाबरत होतो’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तोच टप्पा चढायचा आहे. उताराचे अडीचशे किलो आणि सुट्या खडीत चाक रुतून होणारा विरोध मिळून तीनशे किलोंच्या किंचित वर जोर लागतो. पण आता काम फक्त पुढच्या दोन चाकांना करायचं आहे. मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा असल्यामुळे गाडीचं निम्मंच वजन पुढे आहे. शिवाय नाक वर झालं की आणखी थोडं वजन मागे सरकतं. पुढच्या चाकांवर उरतात पाचशे ऐंशी किलो, आणि त्यांची निम्मी पकड म्हणजे दोनशे नव्वद. गरज तीनशे पाचची, मिळकत दोनशे नव्वदची. चाक जागेवर फिरतं, खडी मागे उडते, क्लचचा जळका वास येतो. इंजिन कमी पडलं असं सगळ्यांना वाटतं. पण इंजिनात ताकद भरपूर असते. जमिनीवर ती टेकायला जागा नसते.

अशा घरांकडे जाताना अडकलेल्या बहुतेक गाड्यांची गोष्ट ही एवढीच आहे. गाडी उतरली म्हणजे ती चढेलच असं नाही, कारण उतरताना चार चाकं कामाला असतात आणि चढताना दोनच.

याच हिशेबातून काही उपाय निघतात आणि ते जुने ड्रायव्हर न मोजताही करत आले आहेत. पहिला म्हणजे माणसं उतरवणं. फक्त चालवणारा राहिला आणि बॅगाही बाहेर काढल्या की गाडीच्या वजनाचा मोठा वाटा, साधारण साठ टक्के, पुढे असतो, कारण इंजिनच पुढे आहे. लागणारा जोर तीनशेवरून सव्वादोनशेच्या आसपास उतरतो आणि मिळणारी पकड अडीचशेच्या वर राहते. मघाशी न चढलेली गाडी आता चढते. पाहुण्यांनी धक्का मारण्यापेक्षा चालत वर जाणं जास्त उपयोगी ठरतं ते यामुळे. दुसरा उपाय विचित्र वाटतो: गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवणं. तेव्हा पुढची चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर सरकतं. पाच माणसांसकटही पकड साडेतीनशे किलोंच्या जवळ जाते. अर्थात अरुंद वाटेवर मागे बघत पन्नास-साठ मीटर चढवणं सगळ्यांना जमण्यातलं नाही, आणि दरीच्या बाजूला कठडा नसेल तर ते करूही नये.

गावातली दूध नेणारी पिकअप त्याच चढावर रोज का चढते, याचं उत्तरही इथेच आहे. तिची मागची चाकं फिरतात, आणि चढावर वजन मागेच सरकतं. वर मागच्या हौद्यात कॅन भरलेले. ‘पिकअप येते म्हणजे आमची कार येईलच’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा. चारही चाकं फिरवणाऱ्या जीपला तर उतरताना जेवढी पकड मिळते तेवढीच चढतानाही मिळते. शिवाय फोर-लो नावाचा जो जादा गिअर असतो, त्यात चाकाचा वेग निम्म्याहून कमी होऊन जोर तितक्याच पटीने वाढतो, त्यामुळे क्लच न जाळता माणसाच्या चालीने चढता येतं. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्या मात्र दिसायला उंच आणि आतून पुढच्या दोन चाकांच्याच असतात. गाडीचं नाव पाहू नका, कागदपत्रात कोणती चाकं फिरतात ते पाहा.

हा सगळा हिशेब कोरड्या खडीचा झाला. जमीन बदलली की आकडे बदलतात, आणि या भागात जमीन हाताच्या अंतरावर बदलते. वरच्या पठारांवर जांभा आहे, त्याची तांबडी माती होते. खाली उतारावर काळ्या पाषाणाचा झिजून झालेला मुरूम भेटतो. मुरूम पावसात धुपतो, पण पाणी झिरपू देतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावर काही तासांत पुन्हा पाय धरतो. तांबड्या चिकणमातीचं उलट. उन्हाळ्यात ती डांबरासारखी कडक आणि गुळगुळीत असते, पण एका सरीने तिच्यावर बुळबुळीत थर तयार होतो आणि टायरच्या खाचा भरून टाकतो. मग पकड निम्म्यावरून पावावर येते. वरचाच चढ त्या मातीवर धरला तर चारही चाकं फिरवणारी जीपसुद्धा जेमतेम काठावर पास होते, आणि आपल्या मोटारीला निम्मासुद्धा जोर मिळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या प्रश्नाची चर्चा करण्यातही फार अर्थ नाही. लोक फसतात ते मे महिन्याच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात, जेव्हा दुपारी रस्ता कोरडा असतो आणि संध्याकाळी वळीव किंवा परतीचा पाऊस येतो.

पाणी रस्त्याचं आणखी एक नुकसान करतं. पक्क्या रस्त्याला डोंगराच्या बाजूने गटार आणि ठरावीक अंतरावर खालून मोरी असते. कच्च्या वाटेला दोन्ही नसतात. डोंगरावरून आलेलं पाणी मग जीपच्या चाकोऱ्यांतूनच वाहतं आणि दर पावसाळ्यात त्या खोल करत नेतं. मधे मातीचा उंचवटा राहतो. रिकाम्या छोट्या मोटारीच्या पोटाखाली सोळा-सतरा सेंटीमीटर जागा असते, माणसं बसली की ती आणखी कमी होते. चाकोरी वीतभर खोल असेल तर गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलंच समजा. त्यातून एखादा दगड इंजिन ऑइलच्या टाकीला लागला तर ऑइल गळून इंजिनच बसतं. अशा ठिकाणी चाकोरीत न उतरता एक बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेवर ठेवून जावं लागतं. कड भक्कम आहे का, हे गाडीतून कळत नाही. उतरून पायाने दाबून पाहायचं, दरीच्या बाजूची नव्याने टाकलेली भराव-माती असेल तर तिच्यावर चाक घालायचं नाही.

म्हणून घर ठरवतानाच मालकाला विचारायचे प्रश्न वेगळे हवेत. ‘गाडी येते का?’ या प्रश्नाला ‘येते की!’ हेच उत्तर मिळणार, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या शेजाऱ्याची कमांडर असते. त्याऐवजी विचारा: तुमच्याकडे शेवटची छोटी कार कधी आली होती, कोणती होती, आणि परत जाताना ती आपली आपण चढली की ओढावी लागली? त्यानंतर पाऊस झाला का? घर रस्त्याच्या वर आहे की खाली? खाली असेल तर वरचा सगळा हिशेब तुम्हाला लागू. वर असेल तर निदान अपयश जातानाच, दिवसाउजेडी कळतं. सर्वांत वाईट टप्पा डांबरापासून किती अंतरावर आहे आणि त्याच्या अलीकडे गाडी वळवायला जागा आहे का, हेही विचारून घ्या. वळायला जागाच नसेल तर चुकीचा निर्णय दुरुस्त करता येत नाही, समोरून जीप आली तर कोण मागे जाणार हा वादही तिथेच होतो. रिवाज असा की मागे सरकायला ज्याला जवळ जागा आहे तो सरकतो. पण चढणारी गाडी एकदा थांबली तर पुन्हा निघणं अवघड, म्हणून उतरणाऱ्याने वरच थांबावं, हे जास्त शहाणपणाचं.

पत्त्याचं म्हणाल तर मोबाइलची रेंज खोऱ्यात उतरताना बहुधा शेवटच्या वळणांवर जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पण त्याने सांगितलेला वेळ मानू नये. नकाशाला रेष दिसते, चढ आणि चाकोरी दिसत नाही. कधीकधी तर तो पायवाटेलाच रस्ता समजतो. ‘शाळेपाशी डांबर संपतं, तिथून डावीकडे, उजवीकडची वाट धनगरवाड्याला जाते’ असं मालकाने फोनवर सांगितलेलं लिहून घेतलेलं वाक्य जास्त भरवशाचं. आणि पोहोचायचं ते उजेडात. रात्री दिव्यांच्या सपाट उजेडात बारके खड्डे विहिरीएवढे दिसतात, आणि चढाच्या माथ्यावर दिवे आभाळाकडे रोखलेले असताना पुढचं वळण दिसतच नाही.

समजा, सगळं ऐकून वाटलं की उतरून पाहावंच. तर आधी डांबराच्या टोकाला गाडी लावून त्या वाईट टप्प्यापर्यंत चालत जा. उतार ओळखायला उपकरण लागत नाही: खाली उतरताना पाऊल खडीवरून घसरत असेल, पुढे झुकलं की तोल जातो असं वाटत असेल, तर मोटारीने तो चढ परतताना नाकारण्याची शक्यता मोठी आहे. उतरायचंच ठरलं तर पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय काढून, इंजिनच्याच धाकात उतरा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं हा शुद्ध आत्मघात आहे. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. चढताना चाक जागेवर फिरू लागलं की लगेच थांबा. जास्त रेस दिली की चाक स्वतःसाठी खड्डा खणतं आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड करून ठेवतं. वाटेत ओढा असेल आणि पाणी गढूळ, वाहतं आणि गुडघ्याच्या जवळपास असेल तर गाडी घालू नका. इंजिनाच्या हवेच्या वाटेत पाणी शिरलं तर दुरुस्तीचा खर्च मुक्कामाच्या कितीतरी पट होतो. घाटमाथ्यावरचा पाऊस थांबला की असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात.

पण माझं मत विचाराल तर हे सगळं करण्याचं कारणच नसतं. अडीच किलोमीटरच्या अशा वाटेला जीपला वीस मिनिटं लागतात, आणि सामान जीपने पुढे गेलं असेल तर चालत उतरायला चाळीस. वाचणारा वेळ वीस मिनिटांचा, आणि त्यासाठी पणाला लावायची ती क्लचप्लेट आणि परतीचा दिवस. साताऱ्याच्या या पट्ट्यात वडापच्या जीप चालतात, आणि घराचा मालक अशा एखाद्या ड्रायव्हरला ओळखतोच. येण्याजाण्याचं भाडं, माणशी की गाडीचं, हे निघण्याआधी फोनवर ठरवून घ्या म्हणजे दोन्हीकडे मनात काही राहत नाही. जीपच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गचके सर्वांत जास्त बसतात, कारण ते मागच्या चाकांच्या थेट वर असतात. वयस्कर माणसं पुढे बसवा, आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी हे घरच निवडू नये, हे मालकाने नाही सांगितलं तरी आपण समजावं. चाकांच्या सुटकेसऐवजी खांद्याला लावायच्या पिशव्या घ्या. शेवटची शंभर पावलं जीपही बहुधा जात नाही.

गाडी डांबराच्या टोकाला ठेवताना मात्र एक गोष्ट विचारून घ्या. एसटी जिथे संपते तिथली मोकळी जागा पार्किंगसाठी सोडलेली नसते, मुक्कामी गाडी तिथे रात्री येऊन वळते आणि पहाटे निघते. तिथे मोटार उभी राहिली तर सकाळी बाजाराला, दवाखान्याला आणि कॉलेजला जाणारी अख्खी वाडी खोळंबते. शाळेच्या किंवा देवळाच्या बाजूला, गावात कुणाच्या तरी नजरेसमोर, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावा. किल्लीची एक प्रत गावातच मालकाच्या माणसाकडे ठेवा, आणि परतायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस झाला असेल तर जीप सकाळी निघणार की दुपारी, हे ड्रायव्हरलाच ठरवू द्या.